कर्नलसाहेबांचा अर्ज

चाकण-रांजणगावकडच्या कारखान्यांत प्रशासन विभागाची जागा निघाली की आलेल्या अर्जांत एक-दोन तरी निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांचे असतात. त्यात नवल नाही. कर्नल हुद्द्याचा अधिकारी साधारण 54व्या वर्षी निवृत्त होतो, आणि 20 वर्षांची सेवा झाली की पेन्शन घेऊन त्याआधीही बाहेर पडता येतं. मुलांची शिक्षणं चालू असतात, अंगात रग असते. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय अशा अधिकाऱ्यांना व्यवस्थापन संस्थांतून अभ्यासक्रमही करू देतं. पण अर्जासोबतचं पत्र शेवटी स्वतःलाच लिहावं लागतं, आणि अनेकांची गाडी तिथेच अडते.

मनुष्यबळ विभागात असताना मी अशी बरीच पत्रं वाचली. एक नमुना देतो. तो अनेक पत्रांवरून जुळवलेला आहे, कुणा एकाचा नाही. मूळ पत्रं अर्थातच इंग्रजीत असतात. ‘24 वर्षांच्या सेवेत मी अतिउंच प्रदेशात आणि दहशतवादविरोधी मोहिमांत जवानांचं नेतृत्व केलं. शिस्त, निष्ठा आणि कठीण प्रसंगी निर्णय घेण्याची क्षमता माझ्या अंगी बाणलेली आहे. या गुणांचा आपल्या संस्थेला निश्चित लाभ होईल.’

यातला शब्द न् शब्द खरा असेल. तरी वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उरतोच, की हा माणूस सोमवारी सकाळी येऊन नेमकं काय करणार? कारखान्याच्या प्रशासन अधिकाऱ्याला तीन पाळ्यांच्या बस, उपाहारगृह, साफसफाई, सुरक्षारक्षक, अतिथिगृह आणि परवाने सांभाळायचे असतात. महाराष्ट्रात अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. त्याची तारीख चुकली तर नोटीस याच माणसाच्या टेबलावर येते. यातलं पुष्कळसं काम त्या अधिकाऱ्याने केलेलं असतं. पत्रात मात्र ते नसतं.

कारण सैन्यात मान असतो तो कमांडला. पलटणीचं नेतृत्व हा कारकिर्दीचा कळस, आणि क्वार्टरमास्टर म्हणून काढलेली वर्षं किंवा छावणीच्या मुख्यालयातली नेमणूक म्हणजे मधला मुक्काम. म्हणून कळस पत्रात पहिल्या ओळीवर येतो आणि मुक्काम गाळला जातो. कंपनीच्या लेखी क्रम उलटा आहे. सुमारे 800 माणसांच्या पलटणीचं रेशन, कपडे आणि भांडार क्वार्टरमास्टर सांभाळतो. त्याच्या खातेवह्या संरक्षण लेखा विभागाचे लेखापरीक्षक तपासतात. निकामी वस्तू काढून टाकायच्या तरी त्यासाठी अधिकाऱ्यांचं मंडळ बसवावं लागतं. कंपनीला हवा असलेला अनुभव हाच. तो पहिल्या परिच्छेदात यावा, आणि पलटणीच्या नेतृत्वाला पुढे एक वाक्य पुरे.

आता आणखी नाजूक गोष्ट. माजी अधिकाऱ्याचा अर्ज वाचताना कंपनीला त्याच्या कर्तबगारीची शंका नसते, त्याच्या हुकमाची धास्ती असते. सैन्यातल्या हुकमामागे 1950चा आर्मी ॲक्ट उभा असतो. कारखान्याच्या फाटकावरचा रक्षक असतो एजन्सीचा, उपाहारगृहातला आचारी ठेकेदाराचा. प्रशासन अधिकारी त्यांना थेट कामं वाटू लागला, रजा देऊ लागला, शिक्षा करू लागला, तर उद्या ‘ठेका नावापुरता आहे, आम्ही कंपनीचेच कामगार’ असा दावा उभा राहू शकतो. जे सांगायचं ते ठेकेदाराच्या पर्यवेक्षकामार्फत, कराराच्या कलमावर बोट ठेवून. ‘माझ्या हाताखाली इतके जवान होते’ हे वाक्य वाचून मनुष्यबळ विभागाचा माणूस दबकतो तो यामुळे.

म्हणून पत्रात प्रसंग निवडावा तो जिथे हुकूम चालत नव्हता तिथला, आणि असे प्रसंग प्रत्येकाकडे असतात. छावणीतल्या इमारतींची दुरुस्ती मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, म्हणजे एमईएस करते. तिथले बहुतेक कर्मचारी मुलकी असतात आणि पलटणीच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली नसतात. गळकं छप्पर दुरुस्त करून घ्यायला कर्नललाही पाठपुरावाच करावा लागतो. वरचंच पत्र या अंगाने लिहिलं तर असं होईल. आकडे फक्त नमुन्याचे आहेत.

‘आपल्या जाहिरातीतल्या वाहतूक आणि उपाहारगृह या जबाबदाऱ्या मी एका मोठ्या छावणीसाठी तीन वर्षं सांभाळल्या. तिथली घरदुरुस्ती दुसऱ्या खात्याकडे होती आणि त्यांचे कर्मचारी माझ्या अखत्यारीत नव्हते. मी रुजू झालो तेव्हा 140 तक्रारी पडून होत्या. त्या खात्याच्या अभियंत्याबरोबर दर सोमवारी बसून आम्ही एकच यादी केली. आधी पाणी आणि वीज, मग छतं, रंगरंगोटी शेवटी. सहा महिन्यांत थकीत तक्रारी 30वर आल्या. कंत्राटी कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रं तपासण्याचं काम मी आजवर केलेलं नाही. सध्या त्याचा अभ्यास करतो आहे.’

या परिच्छेदात ‘शिस्त’ हा शब्द नाही, तरी ती दिसते. शेवटचं वाक्य तर मला सर्वांत मोलाचं वाटतं. ठेकेदाराने भविष्यनिर्वाह निधी भरला नाही तर ते देणं मूळ कंपनीवर येतं. हा धोका ठाऊक असलेला आणि आपल्याला काय येत नाही हे सांगणारा उमेदवार विरळा.

बाकी पथ्यं थोडक्यात. लष्करी पत्रव्यवहारातले क्रमांक घातलेले परिच्छेद आणि संक्षेप पत्रात नकोत. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलकी माणसाला मसुदा वाचायला द्यावा, आणि तो जिथे अडेल तो शब्द बदलावा. पलटण अमक्या ठिकाणी, अमक्या कामावर होती असा तपशील लिहू नये. निवृत्तीनंतरही गोपनीयतेचा कायदा सुटत नाही, आणि ‘उत्तरेकडची एक मोठी छावणी’ एवढ्याने कंपनीचं काम भागतं. पदकं अर्जात असावीत, पत्रात नकोत.

हुद्दा लिहावा का? जरूर लिहावा, तो कमावलेला आहे. नावाआधी हुद्दा आणि नावापुढे ‘निवृत्त’ ही सैन्याचीच रीत आहे. ती सहीपाशी एकदा आली की पुरे. ज्याच्या हाताखाली काम करायचं तो व्यवस्थापक बहुधा पंधरा वर्षांनी लहान असेल आणि हे पत्र तोच वाचणार असेल. ‘मी आपल्या विभागात शिस्त आणीन’ हे वाक्य त्याला टोचेल, कारण त्याच्या मते ती तिथे आहेच.

एवढं सगळं एका पानात बसतं. दुसरं पान लागलं तर पलटणीबद्दलचा मजकूर आधी छाटावा, आणि दुरुस्तीच्या यादीचा परिच्छेद आहे तसा ठेवावा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येईल.