गादीची किंमत : सवलतीपलीकडचा हिशेब

गादीवरची सवलत छापील किमतीवर मोजली जाते आणि ती छापील किंमत कंपनीच ठरवते. त्यामुळे किंमत योग्य आहे का, हे सवलतीच्या टक्क्यांवरून कळत नाही.

फोमच्या गादीत पहिला प्रश्न घनतेचा, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन किती किलो, याचा. एकाच प्रकारच्या फोममध्ये घनता कमी असेल तर गादी साधारणपणे लवकर दबते. मऊ-कडकपणा हा वेगळा गुण आहे. हलका फोमही हाताला कडक लागू शकतो.

समजा, 72 × 60 × 6 इंचांच्या दोन गाद्या आहेत. पहिली 30,000 रुपयांची, निम्म्या सवलतीत 15,000 ला; दुसरी 20,000 ची, 10 टक्के सवलतीत 18,000 ला. पहिलीचा फोम 28 घनतेचा, म्हणून वजन सुमारे 12 किलो. दुसरीचा 40 चा, वजन सुमारे 17 किलो. म्हणजे किलोमागे पहिली 1,250 रुपयांना पडते, दुसरी सुमारे 1,060 ला. खोळीचे वजन वगळून ही पडताळणी घरीही करता येते.

वॉरंटीत वर्षांपेक्षा अटी महत्त्वाच्या. किती खोल खड्डा पडल्यास दावा मान्य होतो आणि वापरलेल्या वर्षांचे पैसे कापले जातात का, हे वाचावे. चाचणी काळात गादी परत नेण्याचा खर्च कोणाचा आणि पैसे परत मिळतात की फक्त बदली गादी, हे लेखी घ्यावे.

सोफ्यालाही हेच लागू आहे. तिथे फोमसोबत सांगाड्याचे लाकूडही विचारावे.