घरगुती हवामान अंदाज : सोमवार ते रविवार

सद्यस्थिती : दिवाळी तोंडावर आली असताना कामवाल्या मावशी गावी गेल्याने स्वयंपाकघर व लगतच्या परिसरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले आहे. माळा आवरण्याबाबत बाबांनी दिलेल्या ‘रविवारी बघू’ या आश्वासनामुळे त्याला बाष्पाचा भरपूर पुरवठा होत आहे.

सोमवार, मंगळवार (यलो अलर्ट) : आकाश ढगाळ राहून तुरळक ठिकाणी गडगडाट होईल. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक’ म्हणजे जास्तीत जास्त पाव भागात. अर्थात चार खोल्यांच्या या घरात एकाच खोलीत. खोली कोणती, हे आधी सांगता येत नाही. यलोचा अर्थ ‘लक्ष ठेवा’ एवढाच असल्याने बाबांनी पेपर वाचत राहायला हरकत नाही. मात्र तो डोळ्यांच्या खाली धरावा.

बुधवार (ऑरेंज अलर्ट) : ऑरेंज म्हणजे ‘तयारीत राहा’. वाऱ्याचा वेग भांड्यांच्या आवाजावरून मोजावा. ‘काय झालं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर आल्यास आकाश निरभ्र आहे असे समजू नये. दाब झपाट्याने उतरत असल्याची ती खूण आहे.

गुरुवार (रेड अलर्ट) : चिरंजीवांचा गणिताचा पेपर सहीसाठी घरी येत आहे. वारे ताशी 62 किलोमीटरला पोहोचले की वादळाला नाव मिळते, त्याआधी नाही. घरातही हाच नियम आहे. एरवी ‘बंड्या’ असलेल्या मुलाला वडिलांच्या नावासह आणि आडनावासह हाक आली, की चक्रीवादळ झाले असे समजावे. रेड म्हणजे ‘कृती करा’. मुलाने आजीच्या खोलीत सुरक्षित स्थळी हलावे. भुकेलेल्यांनी स्वयंपाकघरात जाऊ नये.

शुक्रवार, शनिवार : मुंबईहून आत्याबाईंच्या रूपाने पश्चिमी प्रक्षोभ दाखल होईल. ‘वहिनी, अजून चकल्या नाही झाल्या?’ या वाक्यासोबत हलक्या सरी संभवतात. उत्तर भारतात असा प्रक्षोभ पुढे सरकला, की आकाश मोकळे होते आणि मागून थंडीची लाट येते. त्यानुसार शनिवारी आत्याबाई परतल्यावर घरात लख्ख शांतता आणि कडाक्याचा अबोला राहील. चहा मिळेल, पण टेबलावर ठेवलेला.

रविवार : दिवस जितका लांबचा, तितका अंदाज कच्चा. बाबा सकाळीच शिडीवर चढल्यास दुपारपर्यंत वातावरण निवळेल आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातून भाजणीचा खमंग वारा सुटेल. दुपारची झोप काढून चढल्यास सोमवारचा अंदाज नव्याने लिहिण्याची गरज पडणार नाही. वरचाच पुन्हा वाचावा.