पत्रिका वाटल्यावर कळलं, चुलत्याचं नाव राहिलं! नाव घालायचं-काढायचं कसं?

लग्नाची तारीख ठरली, पत्रिका छापून आली, पहिली पत्रिका कुलदैवताला ठेवली आणि वाटप सुरू झालं. चौथ्या दिवशी कुणीतरी पारावर पत्रिका उघडून वाचतं आणि विचारतं, "का रं, तुझ्या मधल्या चुलत्याचं नाव कुठं दिसंना?" तिथून पुढं घरात शांतता राहत नाही. गावाकडं पत्रिका नुसती वेळ आणि ठिकाण सांगत नाही. कोण कुणाचं आहे, हे ती चारचौघांत सांगते. त्यामुळं राहिलेलं एक नाव वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

पूर्वी पत्रिका हातात असायची, वाटण्याआधी दुरुस्त करता यायची. आता ती छापखान्यातून यायच्या आधीच तिचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरलेला असतो. म्हणून दिलेल्या निमंत्रणात नाव घालणं किंवा काढणं जास्त अवघड झालंय. पण पद्धत पाळली तर रुसवा टळतो. ती पद्धत अशी: माणूस जोडायचा तर त्याच्या दारात जाऊन जोडायचा आणि कमी करायचा तर सगळ्यांना एकच नियम लावून कमी करायचा.

राहिलेलं नाव कसं घालायचं?

एक उदाहरण घेऊ. मुलीचं लग्न आहे. पत्रिका ५०० छापल्या. त्यातल्या १२० वाटून झाल्या आणि फोटो तीन ग्रुपवर गेला. आता लक्षात आलं की निमंत्रकांच्या यादीत थोरल्या आणि धाकट्या चुलत्यांचं नाव आहे, मधल्यांचं नाही. चूक साधी असते. बहुतेक वेळा आधीच्या लग्नाची जुनी पत्रिका छापखान्यात नमुना म्हणून दिलेली असते आणि त्यातली नावं तशीच उतरतात, किंवा प्रूफ पोरानं एकट्यानं मोबाईलवर बघून 'ओके' केलेलं असतं.

अशा वेळी पहिलं काम छापखान्यात जायचं नाही. पहिलं काम त्या चुलत्याच्या घरी जायचं. दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत मुलीच्या आई-वडिलांनी जोडीनं जावं. मुलाला किंवा पुतण्याला पाठवू नये. फोन तर नकोच. बोलणं दोन वाक्यांत संपवावं: "अण्णा, पत्रिकेत तुमचं नाव राहिलं. चूक माझी आहे, प्रूफ मी नीट बघितलं नाही." इथं छापखान्यावर ढकललं की समोरच्याला ते बरोबर कळतं आणि राग वाढतो. नंतर पुढचं काय करणार ते सांगावं: "उरलेल्या पत्रिका बदलून घेतोय. नाव कसं लिहायचं ते तुम्हीच सांगा."

नाव त्यांच्याकडूनच लिहून घेण्याला कारण आहे. चूक सुधारताना दुसरी चूक होते ती इथंच. नाव घातलं जातं, पण यादीच्या शेवटी, धाकट्यांच्याही खाली. निमंत्रकांची नावं वयाच्या मानानं लागतात. मधल्या भावाचं नाव धाकट्याखाली गेलं की न छापलेलंच बरं होतं असं त्यांना वाटतं. म्हणून नाव त्याच्या जागेवरच आलं पाहिजे, मग त्यासाठी सगळी यादी पुन्हा जुळवावी लागली तरी चालेल.

छापील पत्रिकेसाठी तीन मार्ग उरतात. पत्रिकेला आतलं पान वेगळं असेल तर फक्त ते पान पुन्हा छापून बदलता येतं. हा सगळ्यात चांगला मार्ग. एकच जाड कार्ड असेल तर निदान भावकी आणि जवळच्या पाव्हण्यांपुरत्या नव्या पत्रिका छापून घ्याव्यात, कारण नावं बारकाईनं वाचणारी माणसं तीच असतात. तेही जमत नसेल तर निमंत्रकांची पूर्ण यादी असलेली पट्टी छापून जुन्या यादीवर चिकटवावी. एकट्या नावाची पट्टी चिकटवली की डोळ्यांत भरते, पूर्ण यादीची भरत नाही. पेनानं नाव लिहिणं मात्र टाळावं. हातानं लिहिलेलं नाव म्हणजे "मागून आठवलं" असं पत्रिकाच ओरडून सांगते.

वाटलेल्या १२० पत्रिका परत मागायच्या नाहीत. त्यातल्या भावकीतल्या घरांत नवी पत्रिका नेऊन द्यावी, बाकीच्या राहू द्याव्यात.

मोबाईलवर गेलेल्या पत्रिकेचं काय?

व्हॉट्सॲपवर 'डिलीट फॉर एव्हरीवन' करता येतं, पण त्याला साधारण दोन दिवसांची मुदत आहे. शिवाय मेसेज काढला की त्या जागी 'मेसेज डिलीट केला' अशी ओळ राहते. ती ओळ बघून लोक विचारतात, "लग्न मोडलं का काय?" आणि ज्यांनी फोटो आधीच उतरवून घेतला किंवा पुढं पाठवला, त्यांच्याकडं जुनी पत्रिका राहतेच. म्हणून नुसतं डिलीट करून गप्प बसू नये. आधी नवी पत्रिका टाकावी आणि मगच, मुदत असेल तर, जुनी काढावी.

नवी पत्रिका टाकताना मजकूर साधा असावा: "पत्रिका पुन्हा पाठवत आहोत. तारीख, वेळ, ठिकाण तेच आहे. पुढं पाठवताना हीच पत्रिका पाठवावी." एवढं बास. "अमक्यांचं नाव राहिलं होतं, क्षमस्व" असं ग्रुपवर लिहिलं तर ज्यांनी पत्रिका नीट वाचलीही नव्हती त्यांनाही कळतं, आणि त्या चुलत्याचा मान राखायला जाऊन गावभर चर्चा होते. 'तारीख तेच' ही ओळ मात्र विसरू नये. दुसरी पत्रिका आली की पहिला समज असा होतो की मुहूर्त बदलला. मुहूर्त किंवा कार्यालय खरंच बदललं असेल तर उलट करावं: वर ठळक 'बदल' लिहावं आणि बदललेली ओळ वेगळी सांगावी.

छापलेलं नाव काढायचं असेल तर?

बहुतेक वेळा ही पाळी दुःखाच्या प्रसंगी येते. पत्रिका छापल्यावर घरातले आजोबा गेले, लग्न सुतक फिटल्यावर साधेपणानं करायचं ठरलं. अशा वेळी निमंत्रकांच्या यादीतून त्यांचं नाव काढावं लागतं, पण पत्रिकेतून नाही. 'कै.' लावून ते वर, आशीर्वादाच्या जागी किंवा 'यांची नात' असं नातं सांगताना घ्यावं. आणि एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: आजीच्या नावामागचं 'सौ.'. तिथं 'श्रीमती' करावं लागतं. आजीनं 'सौ.' वाचलं तर पत्रिका बघून घरात पुन्हा रडारड होते. कोणतं संबोधन चालेल ते आजीला नाही तर तिच्या लेकीला हळूच विचारून घ्यावं.

दुसरी पाळी भांडणाची. जावयाचं आणि घरचं बिनसलं, "त्याचं नाव काढा" असं कुणीतरी म्हणतं. वाटलेल्या पत्रिकेतून जिवंत माणसाचं नाव काढलं की ते भांडण कायमचं होतं, शिवाय त्याची झळ लेकीला बसते. जुनी आणि नवी पत्रिका शेजारी ठेवून फरक शोधणारी माणसं प्रत्येक गावात असतात. म्हणून छापलेलं नाव राहू द्यावं. काढायचंच असेल तर लेकीला विश्वासात घेऊन आणि पत्रिका छापण्याआधी.

लग्नाच्या कामाच्या ग्रुपवरही हेच. एखाद्याला ग्रुपमधून काढलं की बातमी लपत नाही. त्यापेक्षा तो ग्रुप आहे तसा ठेवावा आणि कामापुरत्या चार-पाच जणांचा नवा ग्रुप करावा.

दिलेलं आवतण कमी करायचं तर?

चूलबंद आवतण दिलं, म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटणार नाही, सगळे जेवायला येणार. आणि नंतर मंडप लहान पडला, नाहीतर खर्च झेपेना. इथं निवडून निवडून माणसं गाळणं सगळ्यात वाईट. शेजारच्या घराला चूलबंद आणि आपल्याला 'एकानं या', हे कुणालाच सोसत नाही.

कोरोनाच्या काळात लोकांनी याचा अनुभव घेतला. २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती, एप्रिल २०२१ मध्ये राज्यात ती २५ वर आली आणि दोन तासांत कार्य उरकायचं होतं. 'घरूनच आशीर्वाद द्यावेत' असे निरोप गेले. सख्ख्या मावशा-आत्यासुद्धा राहिल्या, पण रुसवे कमी झाले, कारण नियम सगळ्यांना सारखा होता. रुसवे झाले ते जिथं २५ सांगून दुसऱ्या दिवशी शंभर जणांचे फोटो आले तिथंच.

तोच धडा आज वापरता येतो. गावातल्या भावकीला घरटी दोघं म्हटलं की प्रत्येक घराला दोघंच, मग तो सरपंच असो की चुलता. हा निरोप ग्रुपवर टाकू नये. घरातल्या जाणत्या माणसानं दारोदार जाऊन सांगावा: "तात्या, जागा लहान पडतीया, म्हणून घरटी दोघंच ठरवलंय. आमच्या सख्ख्या घरालाही तेच." शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे. आणि पूर्ण नाही म्हणण्यापेक्षा प्रसंग बदलून द्यावा. हळदीला फक्त घरचे असतील, तर त्या माणसाला लग्नानंतरच्या पूजेच्या जेवणाला तारीख सांगूनच बोलवावं. "बघू नंतर" याला गावात नकारच समजतात.

उशिरा आठवलेला पाव्हणा

आदल्या दिवशी पत्रिका दिली की समोरच्याला कळतं, कुणाचा तरी नकार आला म्हणून आपला नंबर लागला. अशा वेळी पोस्टाचं किंवा पोराचं खोटं कारण सांगू नये. जोडीनं जावं, अक्षता द्याव्यात, "उशीर झाला, राग धरू नका" म्हणावं आणि एखादं काम हातात द्यावं: "वऱ्हाड उतरवून घ्यायला तुम्हीच उभं राहा." काम सांगितलं की माणूस पाव्हणा राहत नाही, घरचा होतो. पण काम मानाचं असावं. उशिरा बोलावून पाण्याची पिंपं भरायला लावली, तर आधीचा उशीरही तो विसरत नाही.

हे सगळं टाळायचं असेल तर छापण्याआधी प्रूफ मोबाईलवर न बघता कागदावर काढून घ्यावं आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवावं. कुणाच्या पोराचं नाव राहिलं, हे तिला न बघता कळतं.