तिसऱ्या रात्रीची मंजुरी

ऑफिसच्या कामाने परगावी जाऊन आल्यावर खिशातून गेलेले पैसे परत मागणे सोपे वाटते, पण बहुतेक क्लेम अकाउंट्सच्या टेबलावर अडकतात. रक्कम जास्त होती म्हणून असे फार कमी वेळा घडते. मंजुरी एका प्रवासाची आणि बिले दुसऱ्याच प्रवासाची, असे झाले की क्लेम अडतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्याच्या एका कंपनीतला अभियंता यंत्राच्या तपासणीसाठी नागपूरला निघाला. ४ ऑगस्टला त्याला ईमेलवर मंजुरी मिळाली. रेल्वेने थर्ड एसी, हॉटेलच्या दोन रात्री, खोलीसाठी करासकट रोज ३,००० रुपयांपर्यंत, आणि ८,००० रुपये अॅडव्हान्स. १० तारखेला तो निघाला आणि १३ ला संध्याकाळी परतायचे होते. १२ ला कळले की यंत्राचा एक भाग उद्याच येणार आहे. साहेबांनी फोनवर ‘थांब’ सांगितले. तो थांबला, काम झाले, १४ ला तो परत निघाला.

आता हिशेब पाहा. जातानाचे तिकीट १,४६०. खोली रोज २,८०० प्रमाणे तीन रात्री आणि ५ टक्के जीएसटी, मिळून ८,८२०. जेवण १,८७०, रिक्षा-टॅक्सी १,१५०. परतीचे जुने तिकीट रद्द केल्यावर कापले गेलेले ३६५ आणि नव्या तिकिटाचे १,४६०. एकूण १५,१२५. अॅडव्हान्स वजा जाता ७,१२५ रुपये मिळायला हवेत.

अकाउंट्सचा माणूस सगळ्यात आधी मंजुरीची ईमेल उघडतो. तिच्यात दोन रात्री, बिलात तीन. फोनवरचे ‘थांब’ त्याला दिसत नाही, आणि पुढे ऑडिटरने विचारले तर त्यालाही दाखवता येणार नाही. म्हणून तिसरी रात्र, त्या दिवसाचे जेवण, नवे तिकीट आणि जुन्याची कापलेली रक्कम हे सगळेच प्रश्नचिन्हात जाते. त्या संध्याकाळी दोन ओळी पाठवल्या असत्या तर पुरले असते: ‘फोनवरील बोलण्यानुसार १३ ऑगस्टची रात्र नागपुरात थांबत आहे, कारण सुटा भाग उद्या येणार आहे. कृपया मान्यता कळवावी.’ साहेबांचे ‘मान्य’ आले की हा दुसरा कागद पहिल्याला जोडायचा. परत आल्यावर घेतलेली मंजुरी काही कंपन्या स्वीकारतात, पण ती पूर्वमंजुरी ठरत नाही.

रद्द केलेल्या तिकिटात आणखी एक खाच आहे. तिकिटाचे १,४६० रुपये देऊन झालेले असतात, म्हणून अनेक जण तीच रक्कम लिहितात. पण कपात होऊन उरलेले पैसे प्रवाशाच्याच खात्यात परत आलेले असतात, त्यामुळे क्लेम फक्त ३६५ चा. तिकिटाचा पीएनआर आणि परताव्याची नोंद दोन्ही जोडावीत. नाहीतर तेच पैसे दोनदा घेतल्यासारखे दिसते, आणि मनात खोट नसलेल्या माणसाला खुलासा द्यावा लागतो. माझ्या मते ही सगळ्यात वाईट अडचण.

हॉटेलच्या बिलावर कंपनीचे नाव आणि जीएसटी नंबर हवा, आणि तो खोली घेतानाच सांगायचा. कर्मचाऱ्याच्या नावाने बिल निघाले तर त्यातल्या ४२० रुपयांच्या कराची वजावट कंपनीला मिळणे अवघड होते. हे नागपूरबद्दल झाले. हॉटेल हैदराबादला असते तर तिथे तेलंगणाचा कर लागला असता, आणि फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला तो वजा करता आला नसता. कार्ड घासल्यावर मिळणारी चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे. ती फक्त पैसे दिल्याचा पुरावा. कशाचे दिले हे तिच्यात नसते.

रिक्षाची पावती सहसा मिळत नाही. तिथे तारीख, कुठून कुठे, कशासाठी आणि किती, असे स्वतः लिहून सही करायची. ‘स्थानिक प्रवास १,१५०’ अशी एकच ओळ कोणालाच तपासता येत नाही. ‘११ ऑगस्ट, स्टेशन ते हॉटेल, १८०’ ही ओळ तपासता येते. छोट्या हॉटेलांची बिले पुष्कळदा थर्मल कागदावर असतात आणि त्यांची शाई काही महिन्यांत उडते. म्हणून फोटो त्याच दिवशी काढावा.

क्लेम भरताना प्रत्येक ओळीत तारीख, खर्च, रक्कम आणि बिल नंबर असावा, आणि तोच क्रम बिलांवर पेनाने टाकावा. वर मंजुरीच्या दोन्ही ईमेलच्या तारखा, खाली अॅडव्हान्स वजा करून येणे रक्कम. एखादा खर्च मर्यादेबाहेर गेला असेल तर तो दुसऱ्या ओळीत मिसळू नये. कारणासह वेगळा दाखवावा, म्हणजे नामंजूर झाला तरी तेवढाच होतो आणि बाकीचे पैसे थांबत नाहीत.

परगावी मुक्काम वाढला, तर हॉटेलवाल्याला सांगण्याआधी साहेबांना ती दोन ओळींची ईमेल पाठवा.