केशरी रंग कुठे शोभतो, कुठे नाही

समजा, रत्नागिरीचा एक आंबा-विक्रेता आपल्या वेबसाइटवर हापूसच्या ऑर्डरचा फॉर्म ठेवतो. नाव, पत्ता, पिनकोड, किती डझन. पेटीवर, पिशवीवर, पावतीवर त्याचा केशरी रंग आहे, आणि वेबसाइटच्या शीर्षपट्टीवरही तोच. पण ग्राहक फॉर्म भरायला बसला की ब्राउझरचा स्वतःचा निळा आणि करडा रंग दिसू लागतो. मजकूर निवडला की त्यामागे निळी पट्टी, चौकटीत लुकलुकणारी काळी रेघ, आणि ‘आपले पूर्ण नाव’ अशी करड्या रंगातली सूचना. या तीनही गोष्टी बदलता येतात, आणि त्यासाठी सीएसएसच्या मोजक्या ओळी पुरतात. निवडलेल्या मजकुरासाठी `::selection`, कर्सरच्या रेघेसाठी `caret-color` आणि सूचनेसाठी `::placeholder`.

पहिला मोह असा होतो की तिन्ही ठिकाणी आपला केशरी रंग भरून टाकावा. तिथेच फॉर्म बिघडतो, कारण या तीन जागा रंगाकडून तीन वेगळी कामे मागतात. निवडीचा रंग हा अक्षरांमागची पार्श्वभूमी असतो, कर्सर ही जेमतेम एक-दोन पिक्सेल रुंदीची रेघ असते आणि प्लेसहोल्डर म्हणजे चक्क वाचायचा मजकूर.

आपल्या विक्रेत्याचा केशरी `#F59E0B` आहे असे धरू. दोन रंग एकमेकांवर किती उठून दिसतात हे कॉन्ट्रास्टच्या गुणोत्तराने मोजतात. सारख्याच रंगांना १, काळ्यावर पांढऱ्याला २१. वेबच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी नियम वाचायच्या साध्या मजकुरासाठी किमान ४.५ मागतात. आपला केशरी पांढऱ्या चौकटीवर भरतो फक्त २.१. म्हणजे कर्सर केशरी केला तर भर उन्हात मोबाइल धरलेल्या माणसाला तो सापडणारच नाही, आणि सूचना केशरी केली तर ती वाचता येणार नाही. निवडलेल्या मजकुरामागे मात्र हाच केशरी छान बसतो, अट एवढीच की त्यावरची अक्षरे गडद हवीत. `#222222` या जवळजवळ काळ्या रंगाची अक्षरे केशरीवर ७.४ चा कॉन्ट्रास्ट देतात. अनेक जण निवडीतला मजकूर पांढरा करतात, कारण निळ्या पट्टीवर तो पांढरा पाहायची सवय असते. केशरीवर पांढरे म्हणजे पुन्हा तेच २.१.

कर्सरसाठी विक्रेत्याच्या रंगांतलाच दुसरा रंग घ्यावा, आंब्याच्या पानाचा गडद हिरवा. `#166534` पांढऱ्यावर ७.१ देतो. `caret-color` काहीच दिले नाही तर ब्राउझर साधारणपणे चौकटीतल्या अक्षरांचाच रंग कर्सरला देतो आणि तेही वाईट नसते. `transparent` देऊन कर्सर गायब करण्याची सोयही इथे आहे. ओटीपीच्या सहा चौकटींमध्ये ती हटकून वापरलेली दिसते. माझे मत स्पष्ट आहे: चालू चौकट दुसऱ्या कुठल्याही खुणेने ठळकपणे दाखवत नसाल, तर कर्सर लपवू नका. आपण कुठे लिहितो आहोत हे माणसाला कळलेच पाहिजे.

आता सगळ्यात नाजूक भाग, प्लेसहोल्डर. ही सूचना फिकी असावी असा डिझायनरचा आग्रह असतो आणि त्यामागे कारणही आहे. ती फार गडद झाली तर लोकांना वाटते की चौकट आधीच भरलेली आहे, आणि ते ती तशीच सोडून पुढे जातात. पण त्यावर अक्षरे फिकी करणे हा उपाय नाही. चौकटीचे नाव चौकटीबाहेर, वरच्या बाजूला कायमचे लिहावे, कारण पहिले अक्षर टाइप होताच प्लेसहोल्डर नाहीसा होतो आणि इथे नाव लिहायचे होते की गाव, हे आठवावे लागते. चौकटीत फक्त नमुना ठेवावा, ‘उदा. ५ डझन’ असा. ‘उदा.’ हा शब्दच सांगतो की हे उत्तर नाही. मग रंग वाचता येईल इतका गडद ठेवायला हरकत उरत नाही. आपण तपकिरीकडे झुकणारा करडा घेऊ, `#6B5E4F`. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट ६.३ आहे, आणि ग्राहकाने टाइप केलेला `#222222` १५.९ वर असल्याने दोन्हींतला फरक डोळ्यांना सहज कळतो.

इथे एक खोच आहे. फायरफॉक्सच्या अनेक आवृत्त्या प्लेसहोल्डरला स्वतःहून ०.५४ अपारदर्शकता लावतात. तुम्ही रंग नीट निवडलेला असतो, क्रोममध्ये तपासलेला असतो, आणि फायरफॉक्समध्ये तोच रंग पांढऱ्यात मिसळून २.३ च्या आसपास घसरतो. केशरी जितका निरुपयोगी होता, जवळजवळ तितकाच. म्हणून `opacity: 1` ही ओळ विसरू नये.

मराठी फॉर्मसाठी आणखी एक गोष्ट. प्लेसहोल्डर वेगळा दिसावा म्हणून इंग्रजी साइटवर तो तिरका किंवा अगदी बारीक वजनाचा करतात. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टमध्ये खरी तिरकी अक्षरे नसतात, ब्राउझर सरळ अक्षरेच ओढून वाकवतो, आणि शिरोरेषा व वेलांट्या विद्रूप होतात. बारीक वजनात, लहान आकारात मात्रा आणि अनुस्वार पुसट होतात. वजन नेहमीचे ठेवावे, अक्षर सरळ ठेवावे.

सगळे मिळून विक्रेत्याचा कोड इतकाच होतो:

```css
.hapus ::selection {
  background-color: #F59E0B;
  color: #222222;
}
.hapus input, .hapus textarea {
  color: #222222;
  caret-color: #166534;
}
.hapus ::placeholder {
  color: #6B5E4F;
  opacity: 1;
}
```

`.hapus` नंतरची मोकळी जागा जपा. ती गाळून `.hapus::selection` लिहिले, तर अनेक ब्राउझरांत नियम त्या एका घटकाच्या स्वतःच्या मजकुरापुरता राहतो आणि आतल्या चौकटींपर्यंत पोचत नाही. पट्टी निळीच राहिली तर आधी ही जागा तपासावी. दुसरा संशयित म्हणजे जुना कोड. फायरफॉक्सला २०१८ पर्यंत `::-moz-selection` असे वेगळे नाव लागे, आणि काही जण दोन्ही नावे स्वल्पविराम देऊन एकाच नियमात लिहीत. ब्राउझरला यादीतले एक नाव अनोळखी वाटले की तो अख्खा नियम टाकून देतो. आता ते जुने नाव काढून टाकले तरी चालते.

`::selection` मध्ये बदलता येते ते थोडेच: अक्षरांचा रंग, मागचा रंग, अधोरेखा, सावली. फॉन्ट, अक्षरांचा आकार, कडा यांना तिथे मज्जाव आहे, आणि तेच बरे, नाहीतर मजकूर निवडताना ओळी हलल्या असत्या. आयफोनवरच्या सफारीत निवडीच्या रंगाचा भरवसा धरू नये. विंडोजमध्ये ज्यांनी उच्च कॉन्ट्रास्टची सोय चालू केली आहे, त्यांना तुमच्या रंगांऐवजी त्यांनी निवडलेले रंग दिसतील. त्यांना अडवण्याची धडपड करू नका. त्यांच्या डोळ्यांची गरज तुमच्या केशरीपेक्षा मोठी आहे.

फॉर्म लोकांसमोर ठेवण्याआधी तो एकदा फायरफॉक्समध्ये उघडा, आणि एकदा मोबाइल घेऊन दुपारच्या उन्हात उभे राहून भरून पाहा.