दुपारचे दोन वाजतात आणि गोदामातली फोर्कलिफ्ट अडते: लेड ॲसिड की लिथियम, हिशोब नेमका कुठे फिरतो?

तुम्ही ऑनलाइन काहीतरी मागवता. ते पार्सल तुमच्या दारात येण्याआधी भिवंडी किंवा चाकणच्या एखाद्या गोदामात, पॅलेटवर बसून, एका फोर्कलिफ्टच्या दातांवरून फिरलेलं असतं. यातल्या बऱ्याच फोर्कलिफ्ट आता डिझेलवर नाही, बॅटरीवर चालतात. आणि गोदाम चालवणाऱ्यांमध्ये सध्या एक वाद हमखास ऐकू येतो. जुनी लेड ॲसिड बॅटरी ठेवायची की महागडी लिथियम घ्यायची?

सेल्समनला विचाराल तर लिथियमच. जुन्या मेंटेनन्सवाल्याला विचाराल तर, "अहो, लेडच बरी." दोघंही अर्धं खरं बोलतात. खरं उत्तर बॅटरीत नाही, तर गोदाम दिवसाचे किती तास चालतं यात आहे.

त्यासाठी एक उदाहरण घेऊ. एक गोदाम, 10 फोर्कलिफ्ट. प्रत्येकीत 48 व्होल्ट, 600 अँपिअर-तासांची बॅटरी. शिफ्ट दोन: सकाळी 6 ते दुपारी 2 आणि 2 ते रात्री 10. एका शिफ्टमध्ये एक गाडी साधारण 480 अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीचा 80 टक्के भाग वापरते असं धरू. लेड ॲसिडमधून यापेक्षा जास्त काढत राहिलं तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून 80 टक्के ही तिची लक्ष्मणरेषा.

आठ-आठ-आठचा नियम

लेड ॲसिडचं वेळापत्रक सोपं आहे. 8 तास काम, 8 तास चार्जिंग, 8 तास थंड होणं. म्हणजे एक बॅटरी दिवसातून एकाच शिफ्टला कामाला येते. दोन शिफ्ट असतील तर प्रत्येक गाडीला दोन बॅटऱ्या लागतात. तीन शिफ्ट असतील तर तीन.

आता दुपारी 2 वाजता काय होतं ते बघा. दहाच्या दहा गाड्या बॅटरी बदलायला येतात. ही बॅटरी साधारण 900 किलो ते टनभर वजनाची. हाताने उचलायचा प्रश्नच नाही, हॉइस्ट किंवा रोलरचं स्टँड लागतं. एका बदलाला 20 मिनिटं धरली आणि हॉइस्ट एकच असेल, तर दहाव्या गाडीचा नंबर तीन तासांनी लागतो. बाहेर ट्रक उभे, आत गाड्या रांगेत.

म्हणून शहाणा सुपरवायझर सगळ्यांना एकदम बोलावत नाही. कमी काम असलेल्या गाड्या साडेबारापासून एकेक करून बदलून घेतो. तरीही दर गाडीची रोजची 20 मिनिटं जातातच. वर्षाचे 300 दिवस धरले तर एका गाडीचे 100 तास झाले.

मग जेवणाच्या सुट्टीत लेड ॲसिडला थोडं चार्ज करून घेतलं तर? बरेच जण करतात आणि बॅटरी मारतात. ही बॅटरी पूर्ण चार्ज न होता अर्धवट राहत गेली की प्लेटवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि क्षमता कायमची कमी होते. वर थंड व्हायला मिळायला हवा तो वेळही जातो.

चार्जिंग रूममध्ये काय धोका असतो?

लेड ॲसिडमध्ये सल्फ्युरिक ॲसिड आणि पाणी असतं. चार्जिंग संपत आलं की वीज प्लेटऐवजी पाण्यावर खर्च व्हायला लागते, पाणी फुटतं आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. हायड्रोजनला ना रंग ना वास. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्के झालं की ठिणगीने पेट घेऊ शकतं. म्हणून ते 1 टक्क्याच्या खाली ठेवायचं असतं.

हे किती लवकर होतं? आपल्या बॅटरीत 24 सेल आहेत. शेवटच्या टप्प्यात चार्जर 30 अँपिअर देत असेल, तर एका अँपिअरमागे प्रत्येक सेल तासाला सुमारे 0.42 लिटर हायड्रोजन सोडतो. 24 गुणिले 30 गुणिले 0.42, म्हणजे तासाला साधारण 300 लिटर. दहा बॅटऱ्या एकाच वेळी या टप्प्यावर असतील तर तासाला 3 घनमीटर. खोली 10 मीटर लांब, 6 मीटर रुंद, 4 मीटर उंच असेल तर तिच्यात 240 घनमीटर हवा मावते. पंखे बंद आणि दार लावलेलं असेल, तर पाऊण तासात 1 टक्क्याची रेषा ओलांडली जाते. तीही गॅस सगळीकडे सारखा पसरला असं धरून.

प्रत्यक्षात तो सारखा पसरत नाही. हायड्रोजन हवेपेक्षा खूप हलका, तो छताशी जाऊन बसतो. म्हणूनच एक्झॉस्ट फॅन भिंतीच्या मध्यावर लावला तर निम्मा उपयोग. तो छताच्या सर्वात उंच ठिकाणी हवा, आणि ताजी हवा खालून आत यायला हवी. बीममधले कोपरे, फॉल्स सीलिंगच्या वरची जागा इथे गॅस अडकतो, तिकडे कुणी बघतच नाही.

आता ठिणगी कुठून येते? बिडी-सिगारेटवर बंदीची पाटी असतेच. पण जास्त वेळा ठिणगी उडते ती चार्जर चालू असताना प्लग ओढल्यामुळे. शिफ्ट संपली, घाई आहे, ऑपरेटर सरळ कनेक्टर खेचतो. म्हणून क्रम ठरलेला हवा: आधी चार्जर बंद, मग प्लग. आणि बॅटरीवर पाना ठेवायचा नाही, हातात कडं किंवा अंगठी ठेवायची नाही. दोन टर्मिनलला धातू चिकटला की तो क्षणात लाल होतो.

खोलीत गेल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला तर ते हायड्रोजनचं लक्षण नाही. एखादा सेल खराब होऊन जास्त चार्ज होतोय आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतोय, असा त्याचा अर्थ. हा गॅस विषारी आहे. तिथे उभं राहून कुठला सेल गरम झालाय हे शोधत बसायचं नाही. माणसं बाहेर काढायची, हवा खेळती करायची आणि चार्जरचा पुरवठा शक्यतो खोलीबाहेरच्या मेन स्विचवरून बंद करायचा.

पाणी भरण्यातही एक नेहमीची चूक होते. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगच्या नंतर घालायचं. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना पातळी वर येते आणि ॲसिड बाहेर सांडतं. प्लेट उघड्या दिसत असतील तरच आधी, तेही प्लेट बुडतील इतकंच. गॉगल, हातमोजे आणि डोळे धुवायचं पाणी खोलीतच असावं, गोदामाच्या दुसऱ्या टोकाला नाही.

लिथियमने हे सगळं सुटतं का?

बरंचसं सुटतं. फोर्कलिफ्टमध्ये बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या येतात. त्या सीलबंद असतात, नेहमीच्या चार्जिंगमध्ये गॅस सोडत नाहीत, त्यांना पाणी लागत नाही. थंड होण्यासाठी आठ तासही लागत नाहीत. बॅटरी गाडीतच राहते आणि गाडी प्लगला जाते.

आपल्याच गोदामात लिथियम घालून बघू. चार्जर 200 अँपिअरचा, म्हणजे अर्ध्या तासात 100 अँपिअर-तास. सकाळी 6 वाजता बॅटरी 600 वर. पहिल्या शिफ्टमध्ये 480 गेले, पण चहाच्या 15 मिनिटांत 50 आणि जेवणाच्या अर्ध्या तासात 100 आले. दुपारी 2 वाजता उरले 270. शिफ्ट बदलताना अर्धा तास प्लग लावला, झाले 370. दुसऱ्या शिफ्टमध्ये पुन्हा 480 गेले, 150 आले. रात्री 10 वाजता शिल्लक 40.

म्हणजे एका बॅटरीवर दोन शिफ्ट निघाल्या. पण जेमतेम. कुणी एकदा चहाला जाताना प्लग लावायला विसरला, तर ते 50 अँपिअर-तास गेले आणि गाडी दहाच्या आत मधेच थांबली. लेड ॲसिड संपत आली की गाडी सुस्तावते, फोर्क हळू उचलतो, ऑपरेटरला कळतं. लिथियम शेवटपर्यंत जोमात चालते आणि मग तिची नियंत्रण यंत्रणा, म्हणजे बीएमएस, एकदम वीज तोडते. त्यामुळे स्क्रीनवरचा आकडा बघायची सवय लावावीच लागते.

दुसरी अडचण विजेच्या जोडणीची. असा एक चार्जर साधारण 11 किलोवॅट ओढतो. दहाही गाड्या एकाच वेळी चहाला गेल्या की 110 किलोवॅट. मंजूर भार तेवढा नसेल तर बिलात डिमांडचा दंड दिसतो. उपाय साधा आहे, चहाची सुट्टी दोन तुकड्यांत द्यायची. (ऑपरेटर मंडळींना हे पटवणं मात्र बॅटरी घेण्यापेक्षा अवघड.)

धोकाही शून्य होत नाही. बॅटरीला जोरदार धक्का बसला, ती फुगली, बीएमएसचा अलार्म वारंवार वाजला, गोडसर वास आला, तर चार्जिंग थांबवून गाडी मालापासून दूर मोकळ्या जागेत न्यायची. धूर दिसत असेल तर गाडीच्या जवळही जायचं नाही, माणसं बाहेर काढून अग्निशमन दलाला बोलवायचं. आत उष्णता भडकली तर पेटणारा गॅस बाहेर पडतो. म्हणून "गॅस नाही ना, मग रॅकखालीच प्लग लावू" हे चालत नाही. लेड ॲसिडचा जुना चार्जर लिथियमला लावायचा नाही. शून्य अंशाखाली साधी लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही, कोल्ड स्टोरेजवाल्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

आणि वजन. टनभराची लेड बॅटरी फोर्कलिफ्टचा मागचा तोलही सांभाळत असते. लिथियम बरीच हलकी. गाडीच्या प्लेटवर बॅटरीचं किमान वजन लिहिलेलं असतं. तेवढं भरायला लोखंडी वजन घातलं नाही, तर भार उचलताना गाडी पुढे झुकते.

मग पैशांचं काय?

हिशोबापुरतं धरू: लेड बॅटरी 3 लाखांची, लिथियम 7 लाखांची, वीज 9 रुपये युनिट. तुमच्या कोटेशनप्रमाणे आकडे बदला. चार्जरचा खर्च इथे धरलेला नाही.

एका शिफ्टला बॅटरीतून 23 युनिट निघतात. त्यासाठी लेडला भिंतीतून सुमारे 31 युनिट लागतात, लिथियमला 25 ते 26. बाकीची वीज उष्णता आणि गॅसमध्ये जाते. फरक साडेपाच युनिट, वर्षाला एका शिफ्टमागे जवळपास 15 हजार रुपये.

एकच शिफ्ट असेल तर लेडची एक बॅटरी 1500 चक्रांच्या हिशोबाने पाच वर्षं जाते. खर्च 3 लाख. लिथियमने पाच वर्षांत विजेचे 75 हजार वाचवले तरी सव्वासहा लाख अडकलेलेच. तिचं अर्धं आयुष्य शिल्लक असतं हे खरं, पण आज खिशातून जाणारे पैसे दुपटीहून जास्त.

दोन शिफ्ट असतील तर चित्र उलटतं. लेडच्या दोन बॅटऱ्या म्हणजे 6 लाख, वर हॉइस्ट, चार्जिंग रूमची जागा, पाणी भरणारा माणूस. लिथियमचे 7 लाख, त्यातून विजेचे दीड लाख वजा, म्हणजे साडेपाच. शिवाय गाडीमागे वर्षाला ते 100 तास परत मिळतात.

विजेच्या वेळेचाही एक पदर आहे. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार 10 किलोवॅटवरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना दिवसाच्या सौर तासांत वीज किमान 20 टक्के स्वस्त आणि गर्दीच्या वेळी महाग द्यायची आहे. दुपारी 2 ला चार्जिंगला लागलेली लेड बॅटरी संध्याकाळची महाग वीज खात बसते. लिथियमची जेवणाच्या सुट्टीतली चार्जिंग उन्हाच्या स्वस्त तासांत बसते. एका शिफ्टवाल्यांनी मात्र लेडच्या चार्जरला 500-700 रुपयांचा टायमर लावण्याआधी तो तेवढा भार झेलतो का हे इलेक्ट्रिशियनला विचारावं. त्यापेक्षा चार्जरमध्येच उशिरा सुरू करायची सोय आहे का ते आधी तपासा, बऱ्याच चार्जरमध्ये ती असते आणि कुणी वापरत नाही.