हिवाळ्यात लपणारी उष्णता

धाराशिव जिल्ह्यात ढोकीचा तेरणा कारखाना असो वा रांजणीचा नॅचरल शुगर, गळिताचा हंगाम ऐन थंडीतून जातो, आणि यंत्रांच्या उष्णतामानाविषयीचे बरेचसे गैरसमज या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच रूढ झाले आहेत. उदाहरणासाठी साखर कारखान्याच्या बॉयलरमागील धूर ओढणारा मोठा पंखा, ज्यास कामगार आय.डी. फॅन म्हणतात, तो घेऊ. कारण तो थांबला की बॉयलरचा विस्तव मंदावतो, वाफ उतरते, आणि तोडलेला ऊस गव्हाणीपाशी वाळत पडून त्यातील साखर घटू लागते.

पहिला आणि सर्वांत घातक गैरसमज असा की, इशाऱ्याची घंटा वाजत नाही तोवर बेअरिंग सुस्थितीत आहे. समजा, घंटेची मर्यादा ८५ अंश सेल्सिअस ठरविली आहे. नोव्हेंबरातील दुपारी हवा ३१ अंश असताना बेअरिंग ६० अंश दाखविते. डिसेंबरात हवा २४ असताना ५९. आणि जानेवारीच्या पहाटे हवा १४ वर उतरलेली असताना ५७. लॉगशीटवर नुसती नजर टाकणाऱ्यास आकडे उतरतानाच दिसतात व तो निश्चिंत होतो. परंतु बेअरिंग स्वतः किती उष्णता निर्माण करीत आहे याचा हिशोब हवेचे उष्णतामान वजा केल्याखेरीज लागत नाही. आणि तो केला म्हणजे २९, ३५ व ४३ अशी चढती श्रेणी उघडी पडते. थंडीत ग्रीस घट्ट होत असल्याने दोनतीन अंशांची वाढ स्वाभाविक मानावी लागते, म्हणून त्याच शाफ्टवरील जोडीदार बेअरिंगचा दाखला घ्यावा. त्याची वाढ याच काळात २५ वरून २८ वर गेली असेल, तर पहिल्याच्या २९ वरून ४३ अशा १४ अंशांच्या चढीतून ऋतूचे ३ वजा जाता ११ अंश हे त्याच्या स्वतःच्या बिघाडाचे ठरतात. अर्थात ही तुलना बॉयलरचा भार सारखा असतानाच्याच नोंदींची हवी, कारण धुराची उष्णता शाफ्टमधून बेअरिंगपर्यंत पोहोचते व भार बदलला की तीही बदलते.

येथे दुसरा गैरसमज आडवा येतो. बेअरिंग तापले की ग्रीस भरा, हा आमच्या फिटरमंडळींचा पिढीजात हुकूम! वास्तविक बेअरिंगच्या घरातील मोकळ्या जागेचा साधारण तृतीयांश ते अर्धा भाग ग्रीसने व्यापणे पुरेसे असते. त्याहून अधिक कोंबलेले ग्रीस घुसळले जाऊन स्वतःच उष्णता निर्माण करते. ताज्या ग्रीसनंतर काही तास पारा चढणे हा दोष नव्हे, पण त्यानंतरही तो उतरला नाही तर कारण अन्यत्र, म्हणजे शाफ्टच्या संरेखनात, सैल बोल्टांत किंवा बेअरिंगच्याच झिजेत शोधावयास हवे.

संवेदकाचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य, ही समजूतही तशीच. कारखान्यात बहुधा पीटी-१०० नावाचा प्लॅटिनमचा संवेदक असतो. त्याचा विद्युतरोध शून्य अंशावर १०० ओहम असून दर अंशास सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. तारेचा जोड सैल किंवा गंजका झाला की तेथील रोध या हिशोबात मिसळतो व दोन-तारी जोडणीत चार ओहमांच्या वाढीने सुमारे १० अंशांची खोटी उष्णता नोंदली जाते. खरी-खोटी ओळखावयाची तर वेग पाहावा: लोखंडाचे जड घर एका क्षणात ३० अंश तापू शकत नाही, तेव्हा अशी उडी दिसताच आधी तारेची खातरजमा करावी. हळूहळू गंजणारा जोड मात्र खऱ्या चढीसारखाच भासतो, आणि त्याचा निकाल हातातील स्वतंत्र उष्णतामापकानेच लागतो.

याउलट, उष्णतामानावर नजर ठेवली म्हणजे प्रत्येक बिघाड आगाऊ कळेल, असे मानणारेही फसतात. वंगणाची कमतरता उष्णतामानात लवकर उमटते. परंतु बेअरिंगच्या कड्यावर खड्डा पडू लागला तर त्याची पहिली चाहूल कंपनात लागते आणि उष्णता पुष्कळ उशिरा, कधी तर मोडतोडीच्या काही तासच आधी, चढते. या प्रकारासाठी कंपनमापनाला पर्याय नाही.

वरील उदाहरणातील ११ अंशांसाठी कोणी पंखा तत्काळ बंद करणार नाही व करूही नये. पुढील साफसफाईच्या बंदपर्यंत दर पाळीत वाढीची नोंद ठेवावी, बदली बेअरिंग भांडारात आहे याची तजवीज करावी, आणि वाढ दिवसागणिक वेग घेऊ लागली तर मात्र बंदची वाट पाहू नये. ज्या लॉगशीटवर आज बेअरिंगचा एकच रकाना आहे, तिच्यावर हवेच्या उष्णतामानाचा आणि जोडीदार बेअरिंगचा असे आणखी दोन रकाने येत्या गळितापूर्वीच आखून घ्यावेत.